साखळी ते वेर्णा: इअरबडच्या डेसिबलचा आठवड्याचा हिशेब

माझा भाचा साखळीला राहतो आणि वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत काम करतो. कंपनीची बस सकाळी त्याला उचलते आणि डिचोली, पणजी, आगशी, झुआरी पूल असं करत सव्वा तासात पोहोचवते. संध्याकाळी तेवढाच वेळ परत. दोन्ही वेळा कानात वायरलेस इअरबड. घरी आल्यावर रात्रीही तेच, कधी नाट्यगीतं, कधी क्रिकेटवरच्या गप्पा. एका गुरुवारी संध्याकाळी त्याच्या आयफोनवर सूचना आली की गेल्या सात दिवसांत हेडफोनवर मोठ्या आवाजात ऐकण्याची शिफारस केलेली मर्यादा ओलांडली आहे, आणि पुढच्या वेळी इअरबड जोडले तेव्हा फोनने आवाज आपणहून उतरवून ठेवलेला होता.

त्याचा प्रश्न सरळ होता. "मामा, मी काही फुल्ल आवाजात ऐकत नाही. रात्री तर अगदी हळू लावतो. मग ही सूचना कसली?"

मी आमच्या भागातल्या जत्रांतल्या नाटकांना साऊंड लावतो, त्यामुळे डेसिबल हा माझ्या रोजच्या कामातला शब्द. त्याचा फोन घेऊन आम्ही नोंद उघडली. ती कशी वाचली, ते इथे मांडतो, कारण ही नोंद बघणारे बरेच जण नेमका चुकीचा आकडा वाचतात.

नोंद Health ॲपमध्ये असते. त्यात Hearing या विभागात Headphone Audio Levels उघडलं की एक आलेख दिसतो. त्यावर OK किंवा Loud असा एक शेरा असतो आणि बहुतेक लोक तो वाचून ॲप बंद करतात. शेऱ्यावरून फक्त एवढं कळतं की काहीतरी जास्त झालं. कधी झालं, कुठे झालं, कशामुळे झालं, हे त्यात नाही. त्यासाठी आलेखाच्या वर असलेल्या अक्षरांपैकी D वर, म्हणजे एका दिवसावर यायचं. तिथे दिवसभरातल्या वेळेनुसार उभ्या रेघा दिसतात. रेघेचं वरचं टोक म्हणजे त्या वेळेतला सर्वांत मोठा आवाज, खालचं टोक म्हणजे सर्वांत लहान. भाच्याच्या आलेखात सकाळी बसच्या वेळी एक उंच पट्टा होता, संध्याकाळी तसाच दुसरा, आणि रात्री खूप खाली, लांबवर पसरलेला तिसरा. बसमधला आवाज ८४ ते ८८ डेसिबलच्या आसपास फिरत होता, सरासरी ८६. रात्रीचा ६८.

आता हे आकडे कशाचे आहेत ते आधी समजून घेऊ. वर्तमानपत्रांत आपण ध्वनिप्रदूषणाच्या बातम्या वाचतो आणि त्यात रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा येते. रात्री दहानंतर संगीत बंद का, याचा वाद गोव्यात दर मोसमात होतो, त्यामुळे हे दोन आकडे इथल्या माणसाला पाठ असतात. मग फोनमध्ये ६८ दिसलं की तो दचकतो. पण ५५ आणि ४५ हे शेजाऱ्याची झोप आणि शांतता जपण्यासाठी परिसरात मोजायचे आकडे आहेत. फोनमधले आकडे कानाला इजा होण्याच्या शक्यतेविषयी आहेत. दोन्हींचं एकक एकच असलं तरी प्रश्न वेगळे आहेत. कानाच्या इजेच्या हिशेबात ६८ हा अगदी निरुपद्रवी आकडा आहे.

फोन जी मर्यादा धरतो ती अशी आहे: आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये फोन आणि संगीत वाजवणाऱ्या उपकरणांसाठी जो संयुक्त मानक मांडला, त्यात प्रौढांसाठी हाच आकडा आहे. यात दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत, आवाज आणि वेळ. नुसतं "८० च्या वर गेलो" याला अर्थ नाही आणि नुसतं "पाच तास ऐकलं" यालाही नाही. दोन्ही मिळून आठवड्याचा एक कोटा बनतो.

कोटा कसा खर्च होतो, हे या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कमी ठाऊक असलेलं आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की कानात जाणारी ऊर्जा दुप्पट होते, म्हणून परवानगीचा वेळ निम्मा होतो. ८० वर ४० तास, ८३ वर २० तास, ८६ वर १० तास, ८९ वर ५ तास. असं करत ९५ वर सव्वा तास उरतो आणि १०० वर जेमतेम २४ मिनिटं, तीही आख्ख्या आठवड्यासाठी. ज्याला मधला कुठलाही आकडा काढायचा असेल त्याने हे सूत्र वापरावं:

```
तास = 40 ÷ 2^((dB − 80) ÷ 3)
```

गोची अशी की कानाला हे दुप्पट होणं जाणवत नाही. आवाज "दुप्पट मोठा झाला" असं वाटायला साधारण १० डेसिबलची वाढ लागते. ३ डेसिबलची वाढ म्हणजे "थोडंसं वाढवलं". जत्रेतल्या नाटकात नट मला विंगेतून खूण करतो की माइक जरा वाढव, तेव्हा मी फेडर साधारण तेवढाच सरकवतो. प्रेक्षकांतल्या कुणाच्या ते लक्षातही येत नाही. पण तेवढ्याने कोट्यातला वेळ अर्धा होतो. मोठा आवाज आणि घातक आवाज यांतलं अंतर कानाला कळत नाही, म्हणूनच नोंद बघावी लागते.

आता भाच्याचा आठवडा मांडू. कामाचे दिवस सहा, सोमवार ते शनिवार. रोज बसमध्ये अडीच तास, म्हणजे आठवड्याला १५ तास, ८६ डेसिबलवर. ८६ वर परवानगी १० तासांची. १५ भागिले १० म्हणजे कोट्याचे १५० टक्के. रात्री रोज तीन तास, आठवड्याला १८ तास, ६८ डेसिबलवर. सूत्रात ६८ घातले की परवानगी येते ६४० तास. आठवड्यात तास असतात १६८, म्हणजे ६८ वर माणूस दिवसरात्र ऐकत बसला तरी कोटा संपणार नाही. १८ भागिले ६४० म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी. एकूण १५३ टक्क्यांच्या घरात.

म्हणजे भाचा रात्री जास्त तास ऐकतो, पण खर्च जवळजवळ सगळा बसमध्ये होतो. त्याने रात्रीचं ऐकणं पूर्ण बंद केलं असतं तरी नोंदीत काहीच फरक पडला नसता. घरची मंडळी मात्र नेमकं तेच सांगत होती, "रात्रीचं ते कानात घालून पडणं बंद कर." झोपेसाठी तो सल्ला ठीक असेल, पण या सूचनेशी त्याचा संबंध नाही.

सूचना गुरुवारीच का आली हेही यातून कळतं. रोज अडीच तास म्हणजे रोज कोट्याचा एक चतुर्थांश. चौथ्या दिवशी संध्याकाळी, घरी पोहोचता पोहोचता, शंभर टक्के भरले. त्याच्या आदल्या आठवड्यात तो रजेवर होता आणि इअरबड फारसे लावले नव्हते, म्हणून मोजणी सोमवारपासून स्वच्छ सुरू झाली होती. एरवी तसं नसतं. फोन सोमवार ते रविवार असा आठवडा धरत नाही. आजपासून मागचे सात दिवस, हा त्याचा आठवडा. तो रोज एक दिवस पुढे सरकतो, म्हणून सोमवारी सकाळी कोरी पाटी मिळत नाही.

लोक बहुतेक वेळा चुकतात ते सरासरीच्या आकड्यापाशी. Health मध्ये Show All Filters वर जाऊन Daily Average निवडलं की दिवसाची सरासरी दिसते. भाच्याने मनात ८६ आणि ६८ यांची तासांनुसार सरासरी काढली आणि त्याला ७६ आले. "म्हणजे मी ८० च्या खालीच की," तो म्हणाला. फोन दाखवत होता ८२ ते ८३. त्याला वाटलं फोन चुकतोय. फोन बरोबर होता. डेसिबलचे आकडे थेट बेरीज-भागाकार करून सरासरी काढण्यासारखे नसतात, कारण आकडा १८ ने वाढतो तेव्हा ऊर्जा साठ पटींहून जास्त वाढलेली असते. त्यामुळे खरी सरासरी ऊर्जेची काढून ती पुन्हा डेसिबलमध्ये बदलावी लागते, आणि फोन तेच करतो. या सरासरीत मोठा आवाज नेहमी वरचढ ठरतो आणि शांत तास जवळपास हरवून जातात. तपासून बघायचं तर ८२.७ वर परवानगी साडेएकवीस तासांच्या आसपास येते आणि भाच्याने ऐकलं ३३ तास. भागाकार पुन्हा १५३ टक्क्यांच्या जवळच येतो. दोन वाटांनी हिशेब एकाच ठिकाणी पोहोचला की समजावं आपण नोंद नीट वाचली.

मग बसमध्ये ८६ का लागतात? घरी ६८ वर जे गाणं छान ऐकू येतं, तेच बसमध्ये १८ डेसिबल वर न्यावं लागतं, ते बसच्या आवाजामुळे. डिझेल इंजिनाची घरघर, टायरचा आवाज, उघड्या खिडकीतला वारा, हे सगळं खालच्या पट्टीतलं आणि सतत चालणारं असतं. खालच्या पट्टीतला असा आवाज गाण्यातला तबला आणि मृदंग आधी गिळतो आणि मग माणसाच्या आवाजावरही चढतो. ऐकणारा आवाज वाढवतो तो गाणं मोठं हवं म्हणून नव्हे, तर ते कळावं म्हणून.

भाच्याचे इअरबड बाहेरचा आवाज कापणारे होते, म्हणजे नॉइज कॅन्सलिंगचे. तरीही त्याला ८६ लागत होते. मी त्याच्या कानात बघितलं तर एका कानातलं रबरी टोक सैल बसलेलं. टोक सैल असलं की दोन गोष्टी एकदम बिघडतात. बाहेरचा आवाज फटीतून आत येतो, आणि इअरबडचा स्वतःचा खालचा सूर, ज्याला आम्ही बेस म्हणतो, तो त्याच फटीतून बाहेर निसटतो. गाणं पातळ, पत्र्यासारखं वाटायला लागतं आणि हात आपोआप आवाजाकडे जातो. ओळखायचं कसं? शांत खोलीत मृदंग किंवा पखवाज असलेलं गाणं लावून टोक बोटाने हलकं आत दाबायचं. दाबल्याबरोबर बेस भरून आला तर टोकाचा आकार चुकीचा आहे. त्याला एक आकार मोठं टोक बसलं. तेवढ्याने आणि नॉइज कॅन्सलिंग चालू ठेवून तो बसमध्ये ८० वर आला आणि गाण्यातला शब्दही त्याला नीट कळत होता.

८६ वरून ८० म्हणजे ६ डेसिबल, म्हणजे दोनदा निम्मं. १५ तासांचा बसचा खर्च १५० टक्क्यांवरून साडेसदतीसवर येतो. ऐकण्याचा एकही तास त्याने कमी केला नाही.

पण बदल शुक्रवारपासून केला तरी नोंद लगेच खाली येत नाही, हे त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. सोमवारी रात्री मागचे सात दिवस मोजले तर त्यात मंगळवार, बुधवार, गुरुवार हे जुन्या आवाजाचे तीन दिवस असतात, त्यांचेच ७५ टक्के. नव्या आवाजाचे शुक्रवार, शनिवार, सोमवार मिळून सुमारे १९. रात्रीचे किरकोळ धरून बेरीज शंभराच्या जेमतेम खाली. खरा आकडा, म्हणजे चाळीस टक्क्यांच्या आसपासचा, दिसायला पुढचा गुरुवार उजाडावा लागतो. मधल्या दिवसांत "काही उपयोग होत नाही" म्हणून सोडून देणारे बरेच असतील.

आवाज चालू असताना आकडा बघायचा असेल तर Control Center मध्ये कानाच्या चित्राचं Hearing हे बटण जोडून घेता येतं. गाणं सुरू असताना ते दाबलं की त्या क्षणाची पातळी डेसिबलमध्ये दिसते, आणि ८० च्या वर गेली की हिरव्याच्या जागी पिवळी खूण येते. मला नोंदीपेक्षा हे जास्त उपयोगी वाटतं, कारण नोंद झाल्यावर कळतं आणि हे होत असताना. शिवाय इथे एक गोष्ट डोळ्यांना दिसते: आवाजाची पट्टी तिथेच असताना आकडा गाण्यागणिक बदलतो. जुन्या ध्वनिमुद्रणातलं नाट्यगीत हळू असतं, आजचं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ठासून भरलेलं असतं, आणि बोलण्याच्या कार्यक्रमात मध्ये मध्ये शांतता असते. म्हणून "मी नेहमी अर्ध्यावरच ठेवतो" या वाक्यावरून काहीच ठरत नाही.

आता फोनच्या या आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा, ते. फोन तुमच्या कानात काहीही मोजत नाही. तो काय पाठवतो आहे हे त्याला माहीत असतं, आणि ते अमुक हेडफोनमधून बाहेर पडताना किती मोठं होईल याचा तो हिशेब करतो. ॲपलच्या आणि बीट्सच्या हेडफोनची माहिती त्याच्याकडे नेमकी असते, म्हणून तिथे आकडा बराच खरा. बाजारातल्या दुसऱ्या कुठल्याही इअरबडसाठी तो फोनच्या आवाजाच्या पातळीवरून अंदाज बांधतो. एकाच पातळीवर एक जोडी दुसरीपेक्षा बरीच मोठी वाजू शकते आणि फोनला त्याचा पत्ता नसतो. अशा इअरबडच्या नोंदीतला ७९ हा आकडा "वाचलो" म्हणून घेऊ नये. त्यातले चढउतार मात्र उपयोगी असतात. बसमध्ये घरापेक्षा किती डेसिबल जास्त, हा फरक अंदाजातही बऱ्यापैकी खरा राहतो.

स्वस्त इअरबडमध्ये आणखी एक भानगड असते. काहींवर आवाज कमीजास्त करण्याची स्वतःची सोय असते आणि ती फोनच्या पट्टीशी जोडलेली नसते. इअरबडवर टिचकी मारून आवाज वाढवला, तरी फोनच्या पडद्यावरची पट्टी जागची हलत नाही. फोनच्या लेखी आवाज तेवढाच, कानात मात्र वाढलेला. तपासणी दहा सेकंदांची आहे: इअरबडवरून आवाज वाढवा आणि फोनकडे बघा. पट्टी हलली नाही तर त्या जोडीपुरती नोंद आंधळी आहे असं धरायचं, किंवा इअरबडचा आवाज एका ठिकाणी कायम ठेवून फक्त फोनवरून बदलायचा.

याच्या उलटही होतं, म्हणजे नोंद फुगते. ब्लूटूथने जोडलेली प्रत्येक वस्तू कोणत्या प्रकारची आहे हे फोन मनाशी ठरवतो, आणि घरातला स्पीकर किंवा गाडीतली म्युझिक सिस्टिम त्याने हेडफोन समजली, तर चवथीला दिवसभर स्पीकरवर लावलेल्या आरत्या तुमच्या कानाच्या खात्यात जातात. कधीच इअरबड न लावणाऱ्या माणसाला सूचना आली, तर पहिला संशय याचा घ्यावा. Show All Data मध्ये एखादी नोंद उघडली की तिचा तपशील मिळतो, त्यात वेळ आणि उपकरण पाहून उलगडा होतो. दुरुस्ती Settings मधल्या Bluetooth मध्ये आहे: त्या उपकरणासमोरचं i दाबून Device Type मध्ये Speaker किंवा Car Stereo निवडायचं.

काही गोष्टी नोंदीत येतच नाहीत. फोनवरचं बोलणं या सात दिवसांच्या कोट्यात धरलं जात नाही. ज्यांचं काम दिवसभर ग्राहकांशी हेडसेटवर बोलण्याचं, त्यांनी हे लक्षात ठेवावं. फोन त्यांना कितीही OK दाखवो, त्यांचा निम्मा दिवस तिथे मोजलेलाच नाही. तेच इअरबड ऑफिसच्या लॅपटॉपला किंवा टीव्हीला जोडून ऐकलं, तर तेही फोनच्या हिशेबाबाहेर राहू शकतं.

आणि बाहेरचा आवाज तर पूर्ण बाहेरच. Headphone Audio Levels म्हणजे फक्त हेडफोनमधून आलेलं. भाचा कारखान्यात यंत्राशेजारी उभा असतो तेव्हाचा आवाज त्यात नाही. शिगम्यात ढोलताशांच्या रोमटात नाचलेला तास नाही, घुमट आरतीला शमेळ आणि कासाळ्यांच्या मध्ये बसलेली रात्र नाही. कान मात्र एकच हिशेब ठेवतो. ॲपल वॉच असेल तर त्यातलं Noise ॲप भोवतालचा आवाज माइकने मोजतं आणि Health मध्ये Environmental Sound Levels म्हणून वेगळी नोंद करतं. वॉच नसेल तर मनाशी एवढं धरावं की शिगमोच्या किंवा चवथीच्या आठवड्यात फोनमधला कोटा पूर्ण आपला नाही. त्या आठवड्यात मी तरी इअरबड ८० च्याही बरेच खाली ठेवायला सांगेन.

अँड्रॉइडवाल्यांचं काय, हा प्रश्न साहजिक आहे, कारण आपल्याकडे जास्त फोन तेच. अँड्रॉइडच्या १४ व्या आवृत्तीपासून याच ४० तासांच्या कोट्याचा हिशेब ठेवण्याची सोय त्या प्रणालीत आली आहे, पण ती प्रत्येक फोनमध्ये चालू असतेच असं नाही. ती नसेल तर जी जुनी सूचना येते, म्हणजे आवाज एका खुणेच्या वर नेताना "जास्त वेळ मोठ्या आवाजात ऐकल्यास श्रवणशक्तीला धोका" अशा अर्थाची, ती खूप जाडीभरडी आहे. एकदा होकार दिला की मोठ्या आवाजातलं ऐकणं एकूण २० तास होईपर्यंत ती पुन्हा विचारत नाही, आणि त्या २० तासांत आवाज नेमका किती होता याच्याशी तिला देणंघेणं नसतं. वर काढलेल्या आकड्यांवरून बघा, ८९ वर २० तास म्हणजे आठवड्याच्या कोट्याच्या चौपट. अशा फोनवर डेसिबल कळत नसले तरी एक ढोबळ परीक्षा करता येते. रात्री शांत खोलीत बोलणं स्पष्ट कळेल एवढाच आवाज लावून तो कितव्या पायरीवर आहे ते बघायचं, आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये तेच बोलणं कळायला किती पायऱ्या वर जावं लागतं ते मोजायचं. एकदोन पायऱ्या असतील तर इअरबड नीट बसलेत. पाचसहा लागत असतील तर बसचा आवाज आत येतो आहे आणि दोष टोकात किंवा इअरबडच्या बनावटीत शोधायचा. जे इअरबड कान बंद करत नाहीत, नुसते पाळीत टेकून बसतात, ते बसमध्ये या परीक्षेत बहुधा नापासच होतात, कितीही महाग असले तरी.

नोंदीवरून कान बिघडला की नाही हे कळत नाही, तेही सांगायला हवं. ती ऐकण्याची नोंद आहे, कानाची तपासणी नव्हे. उतरल्यावर कानात शिट्टी वाजत राहणं, दडे बसल्यासारखं वाटणं, समोरच्याचं बोलणं कळतं पण शब्द स्पष्ट होत नाहीत असं होणं, ही लक्षणं आकडा ७० असो की ९०, कानाच्या डॉक्टरकडे जाण्याची आहेत. तिथे ऑडिओमेट्री नावाची तपासणी होते. मोठ्या आवाजाने झालेली इजा त्यात बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास खळग्यासारखी दिसते, आणि ती बोलण्यात जाणवायच्या आधीच दिसू शकते. आतल्या कानातल्या ज्या केसपेशी यात मरतात त्या माणसात पुन्हा उगवत नाहीत. बांबोळीच्या गोमेकॉत कान-नाक-घसा विभाग आहे. तिथे जाताना फोनमधला महिन्याचा आलेख सोबत दाखवला, तर डॉक्टरांना तुमच्या सवयीचा अंदाज लवकर येतो.

राहिली सूचना येण्याआधीच लगाम घालण्याची सोय. Settings मध्ये Sounds & Haptics आणि त्यात Headphone Safety इथे Reduce Loud Audio चालू केलं की ७५ ते १०० डेसिबलमधला एक आकडा निवडता येतो आणि फोन त्याच्या वरचा आवाज दाबतो. भाच्याने ८० निवडले. सुरुवातीला त्याला गाण्यातला जोर गेल्यासारखा वाटला, मग टोक नीट बसवल्यावर त्याने तक्रार केली नाही. तोच फोन शाळकरी मूल वापरत असेल तर आकडा ७५ ठेवावा, कारण त्याच मानकात मुलांसाठीचा कोटा ७५ डेसिबलवर ४० तास असा आहे. मोठ्यांचे ८० डेसिबल मुलाला आठवड्याला साडेबारा तासच पुरतात. मूल आकडा परत वर नेईल अशी शंका असेल तर Screen Time मधल्या Content & Privacy Restrictions मध्ये Reduce Loud Audio बदलण्याची परवानगी काढून टाकता येते आणि त्याला पासकोडचं कुलूप लागतं.